पाचव्या वाक्याचा एक मार्क

उत्तरपत्रिका तपासण्याच्या हॉलमध्ये हात वर करायची पद्धत नसते. शंका आली की उठायचं, मॉडरेटरच्या टेबलाशी जायचं आणि शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारायचं. पण नवीन मॅडमचं हे पहिलंच वर्ष. तिसऱ्या दिवशी दुपारी, चहा यायच्या जरा आधी, त्यांनी आपल्या जागेवरूनच हात वर केला. तीसच्या तीस तपासनीसांनी माना वर केल्या. दोन दिवस खाली घातलेल्या मानांना तेवढंच निमित्त हवं होतं.

"प्रश्न पाचमधलं पाचवं वाक्य," नवीन मॅडम उभ्या राहून म्हणाल्या. "त्याला दोन उत्तरं बरोबर आहेत असं मला वाटतं. आपण एकालाच मार्क देतोय."

मॉडरेटरच्या टेबलामागे बाई बसल्या होत्या. बाईंना हॉलमध्ये सगळे नुसतं 'बाई'च म्हणायचे. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं, निवृत्तीला चार महिने उरलेले, आणि लाल पेनाने मारलेली त्यांची फुली एवढी सरळ की नवीन लोकांना नमुना म्हणून दाखवावी. पाच तपासनीसांच्या उत्तरपत्रिका त्या पुन्हा पाहायच्या, शिवाय स्वतःचा एक गठ्ठा तपासायच्या. आता त्यांच्या हातातला पेन अर्ध्या बेरजेत थांबला.

परीक्षा साधी होती. नोकरी करता करता शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचं प्रमाणपत्र. शंभरापैकी पस्तीसला पास. वॉर्डातला मदतनीस, गोदामातला हमाल, लिफ्टवर बसणारा माणूस, यांना वरच्या जागेवर चढायचं तर हे प्रमाणपत्र लागायचं. पाचव्या प्रश्नात पाच वाक्यं होती. प्रत्येकात एक रिकामी जागा, पुढे कंसात क्रियापद. योग्य शब्द लिहायचा आणि क्रियापदाचं योग्य रूप करायचं. ती जाण्याचा हट्ट धरून बसली, तर 'इन्सिस्टेड ऑन गोइंग'. तो घड्याळं दुरुस्त करण्यात पटाईत आहे, तर 'गुड ॲट रिपेअरिंग'. उशिरा आल्याबद्दल माफी मागितली, तर 'अपॉलोजाइज्ड फॉर कमिंग'. उभं राहून राहून कंटाळलेला रखवालदार, तर 'टायर्ड ऑफ स्टँडिंग'. ऑन, ॲट, फॉर, ऑफ यांच्यामागून क्रियापद आलं की त्याला शेवटी आयएनजी लागतो, दुसरं काही चालत नाही. हा नियम बाईंनी इतक्या पिढ्यांच्या डोक्यात घातला होता की आता झोपेतून उठवून विचारलं तरी त्या सांगतील.

पाचवं वाक्य होतं म्हातारीचं. म्हातारीला रस्ता ओलांडायची भीती वाटत होती. छापील नमुना उत्तर होतं, 'अफ्रेड ऑफ क्रॉसिंग'.

"पुष्कळांनी 'अफ्रेड टू क्रॉस' लिहिलंय," नवीन मॅडम म्हणाल्या. "ते चुकीचं नाही. 'ती रस्ता ओलांडायला घाबरत होती.' सगळे तसं बोलतात, पुस्तकांतही असतं."

मुख्य परीक्षक सर हॉलच्या टोकाला बसायचे. सर स्वभावाने गरीब, पण घड्याळाच्या बाबतीत कडक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पहिल्या दिवशी मीटिंगमध्ये मॉडेल आन्सर वाचून दाखवलं तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा लक्षात नाही आलं सर. वीसेक जणांनी तेच लिहिलेलं दिसलं तेव्हा आलं."

"तोवर तीन हजार तपासून झालेत."

हॉलमध्ये कुणीतरी हळूच उसासा टाकला. मॉडेल आन्सर बदललं की बांधलेले सगळे गठ्ठे सोडायचे, पाचवं वाक्य शोधायचं, बेरजा पुन्हा करायच्या, प्रत्येक बदलाशेजारी सही करायची. एका मार्कासाठी दोन दिवसांचं काम वाढतं.

"बाई, तुमचं काय मत?" सरांनी विचारलं. हे ओघाने आलंच. हॉलमध्ये व्याकरणाचा निकाल बाईच द्यायच्या.

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण जे तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं ते असं होतं, की तो पेपर बाईंनीच काढला होता. पेपर कुणी काढला हे कधी कुणाला सांगायचं नाही, ही पहिली अट. अकरा वर्षं त्या पेपर काढत होत्या आणि अकरा वर्षांत घरात नवऱ्यालासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. बाई दार लावून आत बसल्या की डोकं दुखतंय म्हणून पडल्यात, असं घरचे समजायचे आणि आल्याचा चहा करून द्यायचे. शाळा चार महिन्यांत सुटणार होती, पण हे काम राहणार होतं. निवृत्तीनंतर वर्षातून एकदा दार लावून बसायला कारण असेल, एवढ्या एका आधारावर बाई निवृत्तीबद्दल हसून बोलू शकत होत्या. आणि मॉडेल आन्सर चुकलं म्हणून बदलावं लागलं, तर पेपर काढणाऱ्याचं नाव यादीतून जातं. हा नियम बाईंना तोंडपाठ होता.

"प्रश्न कशावर आहे ते बघा," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा चढा निघाला. "प्रिपोझिशननंतर आयएनजी, यावर पाचही वाक्यं आहेत. विद्यार्थ्याला तो नियम येतो का, हे बघायचंय. मॉडेल आन्सर म्हणजे मॉडेल आन्सर. प्रत्येकाने आपापली अक्कल लावली तर तीस जणांचे तीस निकाल लागतील."

कुणीतरी हसलं. नवीन मॅडमचा हात खाली आला. त्यांचा चेहरा उतरला, पण बसल्या नाहीत. "प्रश्नात तर 'योग्य शब्द' लिहा म्हटलंय. 'प्रिपोझिशन' लिहा असं म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला लेखी हरकत द्यायचीये सर."

सरांनी निमूटपणे हरकतीचा अर्ज काढून दिला. तो मॅडमच्या हक्काचा होता. अर्ज पाकिटात घालून परीक्षा विभागाकडे जायचा, तिथून पेपर काढणाऱ्याला विचारलं जायचं, आणि तो म्हणेल ते शेवटचं. बाईंना हे सगळं माहीत होतं. म्हणजे त्यांच्या नाकासमोरून निघालेलं पाकीट फिरून संध्याकाळी त्यांच्याच दारात यायचं होतं.

चहा झाल्यावर नवीन मॅडम एक उत्तरपत्रिका घेऊन टेबलाशी आल्या. आता त्यांनी आवाज खाली ठेवला होता. "ही फेरतपासणीला. चौतीस होतायत."

चौतीसची उत्तरपत्रिका मॉडरेटरने पाहायचीच, असा दंडक. बाईंनी पानं उलटली. पेन्सिलीने रेघा आखून त्यांच्यावर लिहिलेलं अक्षर. शाळा सुटल्यावर वीस वर्षांनी पुन्हा लिहायला लागलेल्या माणसाचं असतं तसं, मोठं आणि जपून काढलेलं. पाचव्या प्रश्नात पहिली चार वाक्यं बरोबर. ऑन गोइंग, ॲट रिपेअरिंग, फॉर कमिंग, ऑफ स्टँडिंग. नियम त्या माणसाला चांगला येत होता. आणि पाचव्या वाक्यात त्याने 'टू क्रॉस' लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली होती, जणू इथे नियम वेगळा आहे हे आपल्याला कळलंय असं त्याला सांगायचं होतं. नवीन मॅडमनी त्यावर मॉडेल आन्सरप्रमाणे फुली मारली होती. फुली हलक्या हाताची होती.

बाईंनी बाकीची बेरीज दोनदा करून पाहिली, कुठे अर्धा मार्क राहून गेलाय का म्हणून. नव्हता राहिला. "तुमची हरकत गेलीये. उत्तर येईपर्यंत ही बाजूला ठेवा," त्या म्हणाल्या.

घरी जाताना बाई स्वतःशीच वाद घालत होत्या. मनातल्या मनात त्या नवीन मॅडमना चांगलं सुनावत होत्या आणि दर वेळी नवीन मॅडमच जिंकत होत्या. खरं सांगायचं तर बाईंना हॉलमध्ये पहिल्या वाक्यालाच कळलं होतं, की ती पोर बरोबर बोलतेय. 'अफ्रेड'च्या पुढे ऑफ येतो तसा टू पण येतो. मग अकरा वर्षांत कधी न झालेली चूक आताच कशी झाली?

ती कशी झाली हेही बाईंना माहीत होतं. मूळ वाक्य वेगळं होतं. मूळ म्हातारीला पडायची भीती वाटत होती, 'अफ्रेड ऑफ फॉलिंग'. ते लिहिलं त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पेपरची शेवटची प्रत करताना त्या ओळीशी बाईंचा हात अडला. पडणारी म्हातारी त्यांच्याने लिहवेना. त्यांनी ते क्रियापद खोडलं, रस्ता ओलांडणं घातलं, आणि एक शब्दच बदललाय म्हणून वाक्य पुन्हा तपासलं नाही. विद्यार्थ्यांनी असं केलं असतं तर बाईंनी त्यांना उभं केलं असतं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. सासूबाई आता चार पायांचं वॉकर घेऊन खोलीभर फिरायच्या. डॉक्टरांनी रोज सहा पायऱ्या उतरायच्या आणि चढायच्या असं सांगितलं होतं. हे काम बाईंचं होतं, कारण स्वतःच्या मुलाचं सासूबाई ऐकत नसत. बाई हातपाय धुऊन आल्या, वॉकर भिंतीला टेकवलं आणि सासूबाईंना दाराबाहेर जिन्याशी आणलं.

सासूबाईंनी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने बाईंचं मनगट. आणि थांबल्या.

"चला आई. एक पाय."

"थांब गं जरा. उतरायला भीती वाटते."

"कशाची भीती?"

"कशाची म्हणजे? पडायची. आणखी कशाची असणार?"

बाई पायरीवर तशाच उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशवी घेऊन खाली गेली, तिला वाट द्यायचंही त्यांना सुचलं नाही. मग त्यांनी विचारलं, "आई, पडायला भीती वाटते, असं म्हणाल का तुम्ही?"

"काय म्हणतेस?"

"उतरायला भीती वाटते म्हणालात ना आत्ता. तसं, पडायला भीती वाटते."

सासूबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. तपासणीचे दिवस आले की सुनेचं डोकं फिरतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. "असं कोण बोलतं?" त्या म्हणाल्या. "पडायला मी काय ठरवून पडते? उतरायचं माझ्या मनावर आहे. उतरेन, नाहीतर नाही उतरणार. पडायचं माझ्या मनावर आहे होय?"

"आणि उतरायची भीती वाटते, असं?"

"ते चालतं की. उतरायची म्हण, उतरायला म्हण. तू मला उतरवणार आहेस की शाळा घेणार आहेस?"

बाईंनी त्यांना सहा पायऱ्या उतरवलं आणि सहा चढवलं. चढताना सासूबाईंचं सगळं वजन त्यांच्या खांद्यावर होतं. बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जे आपल्या हातात नाही त्याला 'ऑफ'च लागतो, 'ऑफ फॉलिंग', तिथे 'टू' बसतच नाही. जे आपल्या हातात आहे, करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, तिथे दोन्ही चालतात. म्हणजे खोडलेलं वाक्य पक्कं होतं आणि घातलेलं कच्चं. तीस वर्षं शिकवूनही हे इतक्या सोप्या शब्दांत त्यांना कधी सांगता आलं नव्हतं. त्यांना सासूबाईंचा हेवा वाटला आणि स्वतःची लाज वाटली.

सात वाजता फोन वाजला. परीक्षा विभागातले सचिव होते. बाईंनी आत जाऊन दार लावलं. बाहेर सासूबाई मुलाला म्हणाल्याच, "बघ, परत डोकं दुखायला लागलं तिचं."

सचिवांनी हरकत वाचून दाखवली. नवीन मॅडमनी स्वच्छ लिहिली होती. दोन उदाहरणं दिली होती, कुणाला दोष दिला नव्हता.

"बाई, मी काय लिहू?" सचिव म्हणाले. अकरा वर्षांची ओळख होती, म्हणून ते पुढे बोलले. "नमुना उत्तर कायम, असं लिहिलं तर विषय संपला. हरकती येतच असतात, दहातल्या नऊ फेटाळतो आपण. बदललं तर मात्र नियमाप्रमाणे... तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"तुमच्यासारखं माणूस यादीतून गेलं तर मला वाईट वाटेल. एका मार्काचा तर प्रश्न आहे."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. याच पलंगावर बसून त्यांनी अकरा पेपर काढले होते, मांडीवर उशी आणि उशीवर फळी घेऊन. त्यांना रडू आलं आणि त्याचा रागही आला. इतक्या वर्षांत कुणाला न सांगितलेली गोष्ट जाणार, आणि ती गेल्याचंही कुणाला सांगता येणार नाही.

"लिहा," त्या म्हणाल्या. "दोन्ही उत्तरांना पूर्ण मार्क द्यावेत."

"कारण काय देऊ?"

"हरकत घेणाऱ्यांनी दिलंय तेच. त्यांनी बरोबर लिहिलंय. माझं वाक्य कच्चं होतं."

 सचिवांनी ते तसंच लिहून घेतलं आणि पुन्हा वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी आदेश वाचला आणि हॉलमध्ये कल्ला झाला. बांधलेले गठ्ठे शिपाई परत आणत होते, सुतळ्या कापत होते. कोपऱ्यातले एक जाडे सर पेपर काढणाऱ्याच्या बुद्धीवर मनमोकळं बोलले. "सतरा पुस्तकं समोर घेऊन बसतात आणि पाच वाक्यं धड काढता येत नाहीत. असल्यांना पुन्हा शाळेत बसवायला पाहिजे." बऱ्याच जणांनी दुजोरा दिला. काहींनी नवीन मॅडमकडेही असं पाहिलं की जणू त्यांनीच काम वाढवलंय.

बाई उभ्या राहिल्या. आदेश आला होता, आता त्यांना बोलायची गरज नव्हती. बोलल्या नसत्या तर कालचं त्यांचं म्हणणं आपोआप विसरलं गेलं असतं. हॉलमध्ये रोज इतकं बोललं जातं, कोण लक्षात ठेवतं?

"काल मी या मॅडमना सगळ्यांसमोर गप्प केलं," त्या म्हणाल्या. "त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी तसं बोलले. ती माझी चूक होती, ती तुम्हा सगळ्यांसमोरच सांगायला हवी म्हणून सांगते." आणि जाड्या सरांकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमचं पण बरोबर आहे. पाच वाक्यं धड काढता यायला हवीत."

जाडे सर गडबडले. बाई आपल्यावर का उलटल्या नाहीत, हे त्यांना कळेना. हॉल हळूहळू खाली वाकला आणि पानांची सळसळ सुरू झाली.

नवीन मॅडम चौतीसची ती उत्तरपत्रिका घेऊन आल्या. फुली खोडून त्यांनी बरोबरची खूण केली होती आणि बेरीज पस्तीस. बाईंनी शेजारी सही केली. मॅडम तिथेच रेंगाळल्या.

"पेपर काढणाऱ्यांनी मान्य केलं, हे मोठं आहे," त्या म्हणाल्या. "नाव काढतात म्हणे त्यांचं यादीतून. खरं आहे का?"

"काढतात."

"मला वाईट वाटतंय. मला त्यांना त्रास द्यायचा नव्हता."

"तुम्ही हात वर केलात ते चांगलं केलंत," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही करा. फक्त आवाज खाली."

नवीन मॅडमनी बाईंकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.  मग आपल्या जागेवर जाऊन पुढची उत्तरपत्रिका उघडली.

मग बाईंनी स्वतःचा गठ्ठा सोडला. पहिल्या दिवशी तपासलेला, सुतळीला त्यांच्याच हाताची गाठ. त्यांना वाटलं होतं, यात असल्या उत्तरपत्रिका फार नसतील, असत्या तर आपल्या लक्षात आलं असतं. त्या पाचवं वाक्य पाहत गेल्या. तिसऱ्याच उत्तरपत्रिकेत 'टू क्रॉस' होतं आणि त्यावर सरळ, ठळक फुली. मग सातव्या. मग अकराव्या. चाळीस उत्तरपत्रिकांत एकोणीस सापडल्या. एकोणीस माणसांनी बाईंना त्यांची चूक दाखवली होती आणि बाईंनी प्रत्येकाला फुली मारली होती. एकाही ठिकाणी हात थांबला नव्हता, कारण डोळे उत्तर वाचत नव्हते. ते नमुना उत्तराशी जुळतंय का, एवढंच पाहत होते.

त्या एकोणिसांत दोन चौतीसच्या होत्या. चौतीसची दुसऱ्याने पुन्हा पाहायचा दंडक इतरांच्या गठ्ठ्यांना होता. बाईंचा गठ्ठा कुणी पाहत नसे. दोन्हींवर 'अनुत्तीर्ण' लिहिलेलं होतं, खाली बाईंची सही, आणि गठ्ठा बांधून बाहेर जाण्याच्या रांगेत लागलेला होता.

बाईंनी पहिली उत्तरपत्रिका समोर ओढली. फुली खोडली. चौतीसचे पस्तीस केले, 'अनुत्तीर्ण' शब्दावर रेघ मारून वर 'उत्तीर्ण' लिहिलं. शेजारी सही केली. मग त्यांनी दुसरी उत्तरपत्रिका घेतली.